मुलांच्या खोलीतील शिवणवर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वर्ग कोणी आणि केव्हा सुरू केला?

हा वर्ग मी माझ्या राहत्या घरात, नाशिकमध्ये म्हसरूळच्या बाजूला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सुरू केला. त्याआधी वीस-बावीस वर्षे मी गल्लीतल्या आणि आसपासच्या बायकांचे ब्लाऊज शिवत होते, परंतु शिकवण्याचा विचार कधी मनात आला नव्हता. मोठ्या मुलीचे लग्न होऊन ती सासरी गेली आणि त्यानंतर दीड वर्षाने मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. दोघांची मिळून एक खोली होती आणि तिच्यात दोन पलंग, एक अभ्यासाचे टेबल आणि पुस्तकांचे कपाट होते. मुलगा गेल्यावर दोन महिने मी ती खोली रोज झाडून पुसून परत बंद करीत असे. एके दिवशी शेजारच्या ताईंची सून ब्लाऊजचे माप द्यायला आली आणि म्हणाली, "काकू, मला शिवून नको, शिकवा." तिला शिकवायला हॉलमध्ये जागा नव्हती, म्हणून त्या खोलीचे दार मी उघडे ठेवले. तिच्या मागोमाग तिची जाऊ आली, मग समोरच्या इमारतीतील दोघी आल्या. वर्ग असा सुरू झाला.

घरातली खोली वर्गासाठी पुरते का? तुम्ही तिच्यात काय बदल केले?

दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत चार मशीन आणि एक कापणीचे टेबल बसते, त्याहून अधिक बसत नाही. एका वेळी आठ जणी असतात. चौघी मशीनवर बसतात आणि चौघी टेबलाभोवती उभ्या राहून कापणी करतात, आणि तासाभराने त्यांची अदलाबदल होते. मशीन खिडकीच्या कडेला अशी ठेवली आहेत की उजेड डाव्या बाजूने येतो, त्यामुळे उजव्या हाताची सावली सुईवर पडत नाही.

सर्वांत जास्त विचार टेबलाचा करावा लागला. मुलांचे अभ्यासाचे टेबल तीस इंच उंच होते. त्यावर बसून लिहिण्यासाठी ती उंची योग्य आहे, परंतु उभे राहून कापड कापताना माणसाला कमरेत वाकावे लागते आणि तासाभरात पाठ भरून येते. पहिल्या आठवड्यातच दोघींनी पाठ दुखत असल्याचे सांगितले. माझे पती सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी चारही पायांखाली सहा-सहा इंचांचे लाकडी ठोकळे बसवून टेबल छत्तीस इंचांचे केले आणि वर प्लायवूडचा मोठा तक्ता ठोकला. बाकी खोलीत फारसे काही बदलले नाही. दाराच्या चौकटीवर मुलांच्या वाढत्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्या तशाच ठेवल्या आहेत.

वर्षभर केव्हाही प्रवेश मिळतो का?

मिळत नाही. नवी तुकडी एप्रिलच्या अखेरीस किंवा जूनमध्ये सुरू होते आणि सप्टेंबर संपायच्या आत तिचे तीन महिने पूर्ण होतील असे पाहिले जाते. याचे कारण मी पहिल्याच वर्षी नुकसान सोसून शिकले. दिवाळीची गर्दी ओसरली की बायकांना वेळ मिळेल, असे मानून मी पहिली मोठी तुकडी ऐन द्राक्षछाटणीच्या दिवसांत सुरू केली होती. आठपैकी पाच जणी मखमलाबाद आणि दिंडोरी रस्त्याकडच्या वस्त्यांमधून येत होत्या आणि त्यांच्या घरी एकतर स्वतःची द्राक्षबाग होती किंवा दुसऱ्याच्या बागेतील कामावर घर चालत होते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर महिना-दीड महिन्यात घडांची विरळणी म्हणजे जास्तीचे मणी काढणे आणि डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे सुरू होते आणि ते काम पुढे ढकलता येत नाही. मणी ठरावीक आकाराचे असतानाच विरळणी करावी लागते. नोव्हेंबरच्या मध्यापासून वर्गात तिघीच उरल्या. बाकीच्यांनी शिकणे सोडले नव्हते, त्यांच्या हाताला त्या वेळी दुसरे काम होते. एप्रिलमधल्या खरड छाटणीची धावपळ ओसरली की त्यांना दुपारी दोन तास काढता येतात आणि वर्गाची वेळही त्यामुळेच दुपारी दोन ते चार अशी ठेवली आहे.

आधी काहीच शिवले नसेल तर चालेल का? वयाची अट आहे का?

चालेल, आणि वयाची अट नाही. सध्याच्या तुकडीत एकोणीस वर्षांची मुलगी आहे आणि माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या एक मावशीही आहेत. अट आहे ती एवढीच की पहिले दोन आठवडे कापडाला हात लावायचा नाही. त्या काळात ओळी आखलेल्या कागदावर, मशीनमध्ये दोरा न ओवता, ओळीवरून सुई चालवायची असते. पायाची गती आणि हाताचा ताबा जमला की सुईची छिद्रे ओळीवर पडतात, आणि ती पडली की नाही हे कागद उजेडासमोर धरला की विद्यार्थिनीला स्वतःलाच दिसते, मला सांगावे लागत नाही.

शिकण्यासाठी स्वतःचे मशीन विकत घ्यावे लागेल का?

पहिल्या दोन महिन्यांत घेऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तोपर्यंत आपल्याला कपडे शिवायचे आहेत की फक्त घरातली दुरुस्ती करायची आहे, हे कळलेले नसते. घ्यायचेच झाले तर पायाने चालणारे साधे मशीन पुरेसे असते आणि त्याला पुढे मोटर बसवता येते. सुती ब्लाऊजसाठी चौदा नंबरची सुई वापरावी. टाके सुटू लागले की नवशिक्या बायका आधी टेन्शनचा स्क्रू फिरवतात. त्याऐवजी आधी सुई बदलून पाहावी, कारण बहुतेक वेळा सुईचे टोक बोथट झालेले असते किंवा ती उलटी बसवलेली असते.

अभ्यासक्रमात सर्वाधिक वेळ ब्लाऊजला आणि त्यातही मुंढ्याला का दिला जातो?

मुंढा म्हणजे ब्लाऊजला बाही जोडायची बगलेची गोलाई. या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे, कारण वर्गाचा आजचा सगळा क्रम त्यातूनच आला आहे.

दुसऱ्या वर्षीच्या तुकडीतील एका विद्यार्थिनीने वर्ग संपल्यावर घरी शिलाईचे काम घ्यायला सुरुवात केली. तिची पहिली गिऱ्हाईक द्राक्षबागेत मजुरीला जाणारी एक बाई होती. छाती छत्तीस, ब्लाऊजची उंची चौदा, बाही नऊ इंच. माप नीट घेतले होते, शिवणही सरळ होती. चार दिवसांनी ती बाई ब्लाऊज घेऊन परत आली. उजव्या बगलेच्या मागच्या बाजूला शिवणीलगत कापड विरले होते. ती म्हणाली, "हात खाली असला की झ्याक बसतंय, पण मांडवाखाली हात वर केला की सगळं ब्लाऊज वर चढतंय आणि दिवसभर खाली ओढत बसावं लागतं." बागेत वेलींच्या मांडवाखाली उभे राहून, हात डोक्याच्या वर धरून, एकेका घडावर काम करायचे असते. त्यामुळे तिचे हात दिवसातले सहा-सात तास वरच असतात. उन्हापासून आणि फवारणीपासून जपण्यासाठी वरून नवऱ्याचा जुना शर्ट घातलेला असतो, त्यामुळे आतला ब्लाऊज सारखा सारखा नीट करणेही जमत नाही.

माझी विद्यार्थिनी तो ब्लाऊज घेऊन माझ्याकडे आली आणि सांगू लागली की, काकू, मी तर मुद्दाम मुंढा सैल ठेवला होता. मी टेप लावून पाहिले. छत्तीस छातीला आम्ही खांद्यापासून साडेसहा इंच खोल मुंढा घेतो आणि तिने साडेसात घेतला होता. बाईला हात वर करायचे असतात, म्हणून बगलेत मोकळीक हवी आणि मोकळीक हवी म्हणून मुंढा खाली कापावा, असा तिचा विचार होता. हा विचार जवळजवळ प्रत्येक नवी शिवणारी करते. मीही पहिली काही वर्षे असेच करीत होते, आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली की मुंढा आणखी अर्धा इंच खोल करून देत होते, त्यामुळे तक्रार आणखी वाढत होती. खरा परिणाम उलटा होतो.

मुंढा खोल केल्यावर हात वर करायला अधिक अडचण का होते?

हात वर केला की बगलेपासून कमरेपर्यंतचे आपल्या अंगाचे अंतर लांबते. ब्लाऊजचे कापड त्या अंतराला पुरले पाहिजे. चौदा इंचांच्या ब्लाऊजमध्ये मुंढा साडेसहा इंच खोल असेल तर बाजूच्या शिवणीला साडेसात इंच उरतात. मुंढा साडेसात केला तर बाजूची शिवण साडेसहाच इंचांची राहते. म्हणजे ज्या जागी लांबी हवी, नेमके तिथलेच एक इंच आपण कापून टाकलेले असते. शिवाय बाहीचा जोड बगलेपासून खाली उतरलेला असतो, त्यामुळे हात उचलताच बाही थेट ब्लाऊजच्या बाजूलाच वर ओढते आणि तिच्याबरोबर खालची पट्टी छातीवर चढते. सगळा ताण बगलेच्या मागच्या शिवणीवर येतो आणि कापड तिथेच विरते. त्या बाईच्या ब्लाऊजवर विरलेली जागा हीच होती.

मुंढ्याची योग्य जागा बगलेच्या जवळ, परंतु बगलेला टोचणार नाही अशी असते. शिवलेल्या ब्लाऊजच्या बगलेत आडवे एक बोट सहज जावे, तीन बोटे गेली तर मुंढा खोल आहे असे समजावे.

मग ब्लाऊज घट्ट आहे की मुंढा खोल आहे, हे कसे ओळखायचे?

हात खाली ठेवून उभे राहावे आणि आरशात पाहावे. छातीत घट्ट असेल तर हात खाली असतानाही दोन हुकांच्या मध्ये फट पडते आणि छातीवर आडव्या रेघा दिसतात. मुंढा खोल असेल तर हात खाली असताना ब्लाऊज अगदी व्यवस्थित दिसतो आणि हात वर केल्यावरच वर चढतो. बहुतेक गिऱ्हाइके दुकानात हात खाली ठेवूनच ब्लाऊज घालून पाहतात आणि पसंत करून घरी नेतात, म्हणून ही चूक शिवणाऱ्याच्या ध्यानात फार उशिरा येते.

बाही कशी कापावी म्हणजे हात मोकळा राहील?

मुंढा योग्य ठेवल्यानंतरही बाही उंच कापली असेल तर हात अडतो. बाहीच्या वरच्या गोलाईच्या उंचीला आम्ही कॅप म्हणतो. नऊ इंचांच्या बाहीत कॅप साडेतीन इंच घेतली तर बगलेखालच्या शिवणीला साडेपाच इंच उरतात. कॅप अडीच इंच घेतली तर साडेसहा उरतात, आणि तो जास्तीचा इंच हात वर करताना कामी येतो. मात्र कॅप कमी केली की गोलाईची एकूण लांबी घटते आणि ती मुंढ्याच्या गोलाईशी जुळेनाशी होते. ती जुळवण्यासाठी बाहीची रुंदी दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा-अर्धा इंच वाढवावी लागते. कागदावर आखून, टेप उभी धरून दोन्ही गोलाया मोजल्याखेरीज कापडाला कात्री लावू नये.

याची किंमतही आहे, आणि ती गिऱ्हाइकाला आधी सांगितली पाहिजे. अशा बाहीत हात खाली असताना बगलेजवळ थोड्या चुण्या दिसतात. लग्नाच्या पैठणीवर घालायच्या ब्लाऊजला त्या चालत नाहीत, तिथे उंच कॅपच हवी, कारण ती बाही खाली सोडलेल्या हातावर एकसंध बसते. म्हणून माझ्या वर्गात माप घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न "हा ब्लाऊज घालून काय करणार?" असा असतो. भाकरी थापणारी, फळ्यावर लिहिणारी, बसमध्ये वरचा दांडा धरून रोज सिडकोहून पंचवटीला येणारी आणि मांडवाखाली राबणारी, या सगळ्यांची छाती छत्तीस असली तरी बाही एकच असू शकत नाही.

त्या बाईच्या ब्लाऊजचे पुढे काय झाले?

एकदा कापलेला मुंढा वर घेता येत नाही. नवे कापड आणून दुसरा ब्लाऊज शिवून देण्याइतके पैसे माझ्या विद्यार्थिनीकडे नव्हते आणि गिऱ्हाइकाचे कापड वाया घालवणे मला पटत नव्हते. आम्ही दोघींनी बाहीच्या जोडाची शिवण बगलेखाली पुढे तीन आणि मागे तीन इंच उसवली. उरलेल्या चिंध्यांतून, कापड उरेब म्हणजे तिरके धरून, लांबट शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा कापला. तयार झाल्यावर तो सहा इंच लांब आणि मध्ये दोन इंच रुंद राहील, अशा बेताने कडेला शिवणीसाठी कापड सोडले. हा तुकडा बाही आणि ब्लाऊज यांच्यामध्ये बसवला. त्याची दोन्ही टोके शिवणीत मिटत जातात आणि मधली रुंदी बरोबर बगलेखाली येते. त्यामुळे कापून गेलेला एक इंच परत मिळाला आणि वर आणखी एक इंच मिळाला. उरेब कापड थोडे ताणतेही, म्हणून ताण एकाच जागी साचत नाही. विरलेली जागा त्या जोडातच झाकली गेली.

पहिल्या प्रयत्नात टोकांना चुण्या आल्या, कारण आम्ही शिवण टोकाच्या पुढे नेली होती. ती उसवून, टोकाच्या नेमक्या बिंदूवर सुई कापडात रोवून, मशीनचा फूट उचलून, कापड वळवून पुन्हा शिवले. त्या ब्लाऊजच्या दोन बगलांना आमचे दोन दिवस गेले. ती बाई ब्लाऊज घेऊन गेली आणि पुढच्या आठवड्यात बागेतल्या टोळीतील चौघींना घेऊन आली. त्या चौघींचे ब्लाऊज माझ्या विद्यार्थिनीने मुंढा साडेसहा, कॅप अडीच अशा मापाने शिवले आणि त्यांना शंकरपाळ्याची गरज पडली नाही.

त्या प्रसंगानंतर मी अभ्यासक्रम बदलला. आधी दुसऱ्या महिन्यात कटोरी ब्लाऊज घेत असे. आता तो पूर्ण महिना साध्या टक्सच्या ब्लाऊजचा मुंढा आणि बाही यांनाच दिला जातो, आणि कटोरी शेवटच्या तीन आठवड्यांत येते.

जुन्या ब्लाऊजवरून माप घेतले तर चालते का?

उंची आणि गळा यांसाठी चालते, मुंढ्यासाठी चालत नाही. वर्षभर वापरलेल्या ब्लाऊजचा मुंढा ताणलेला असतो आणि ते माप उतरवले की जुनी चूक नव्या कापडावर येते. सुती कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. अस्तर न भिजवता शिवले तर पहिल्या धुण्यात ते आकसते आणि वरचे कापड फुगते.

कच्ची शिलाई घालून पाहणे आवश्यक आहे का?

आवश्यक आहे, आणि माझ्या वर्गात ते कोणालाही टाळता येत नाही. बाही आधी हातानेच धावदोऱ्याने जोडायची, ब्लाऊज घालायचा, आणि मुलांच्या उंचीच्या खुणा असलेल्या त्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहायचे. हात खाली असताना खालच्या पट्टीच्या रेषेत चौकटीवर खडूची खूण करायची, मग दोन्ही हात पूर्ण वर करायचे आणि पट्टी कुठे गेली तिथे दुसरी खूण करायची. थोडी पट्टी वर जाणारच. दोन खुणांत इंचाहून जास्त अंतर पडले, तर पक्की शिवण घालण्याआधी मुंढा आणि कॅप दोन्ही पुन्हा तपासायच्या.

प्रमाणपत्र मिळते का, आणि ते सरकारी असते का?

वर्गाचे प्रमाणपत्र मी माझ्या सहीने देते, ते सरकारी नाही आणि नोकरीसाठी त्याचा उपयोग होईल असे मी कोणालाही सांगत नाही. सरकारमान्य प्रमाणपत्र हवे असेल तर आयटीआयमधील शिवणकामाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची चौकशी करावी. स्वतःचा व्यवसाय करायचा असेल तर 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते.

सुट्टीत मुले घरी येतात तेव्हा वर्ग बंद असतो का?

दिवाळीत तुकडी नसतेच, मशीन मात्र हलवत नाही. मुलगा आला की हॉलमध्ये झोपतो. पहिल्या वर्षी त्याने दार उघडून टेबलाखालचे ठोकळे पाहिले, टेबल हलते का ते दाबून पाहिले आणि एका पायाखाली कागदाची घडी घालून दिली, ती अजून तिथेच आहे. मुलगी गेल्या भाऊबिजेला आली तेव्हा मी तिचा ब्लाऊज कच्च्या शिलाईवर ठेवला होता. तो घालून ती, मी काही सांगायच्या आधीच, चौकटीला पाठ लावून उभी राहिली, सातवीतल्या तिच्या खुणेच्या शेजारी, आणि तिने दोन्ही हात वर केले. मी खडू घेऊन खूण केली. अंतर पाऊण इंच भरले.